एका किटात दोघी

चिमणीनं पार्लर काढायचं ठरवलं तेव्हा तिला अख्ख्या शहरात जागा मिळाली ती नेमकी मॅडमच्या पार्लरसमोर. अगदी समोर. मॅडमनी खिडकीचा पडदा बाजूला केला की चिमणीच्या काचेच्या दारावरची सोनेरी अक्षरं दिसायची, आणि पडदा लावला तरी संध्याकाळी तिचे दिवे पडद्यातून आत यायचे.

मॅडमना सगळे मॅडमच म्हणत. औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांचं त्यांचं पार्लर होतं. चिमणी त्यांच्याकडे आली तेव्हा तिला दोराही नीट धरता येत नव्हता. दातात दोरा, बोटात दोरा आणि डोळ्यांत भीती. मॅडमनी तिला स्वतःच्या पायावरचे केस काढायला लावून थ्रेडिंग शिकवलं, वॅक्स किती गरम असावं ते मनगटावर लावून शिकवलं, आणि गिऱ्हाईक कितीही वैताग देत असलं तरी आवाज कसा गोड ठेवायचा हेही शिकवलं. बारीक अंगाची, सतत चिवचिव करणारी, म्हणून चिमणी हे नावही मॅडमनीच दिलं होतं. आता तेच नाव सोनेरी अक्षरांत समोर लटकत होतं.

"निदान नाव तरी स्वतःचं शोधायचं," मॅडम नवऱ्याला म्हणाल्या.

"पण ते तिचंच नाव आहे ना?" नवरा म्हणाला. तो मोटार चालवायला शिकवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांवर ब्रेक दाबून दाबून घरी त्याला कशाचाच त्रास होत नसे. "आणि इतकी वर्षं शिकली, पुढे जाणारच. माझ्याकडे शिकलेले काय जन्मभर माझ्याच शेजारी बसून गाडी चालवतात?"

"तुमच्याकडे शिकलेला तुमच्या दारासमोर ड्रायव्हिंग स्कूल काढू दे, मग बोलू आपण."

त्यानं वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं.

खरं म्हणजे मॅडमना राग चिमणीच्या पार्लरचा नव्हता. राग गर्दीचा होता. समोर सकाळपासून बायका आत जात आणि तासा-दोन तासांनी बाहेर येताना काचेत स्वतःकडे बघत. तो क्षण मॅडमना चांगला ओळखीचा होता. खांदे किंचित मागे, मान किंचित वर. तसा क्षण बायकांच्या आयुष्यात आणायचा हक्क या गल्लीत इतकी वर्षं आपला होता, आणि तो कुणी न विचारता उचलून नेला, असं त्यांना वाटे. त्यातल्या काही तर मॅडमच्याच होत्या. रस्ता ओलांडताना त्या वर खिडकीकडे बघायचं टाळत, आणि नेमक्या त्यामुळेच ओळखू येत.

अशात एका दुपारी बँकवाली आली.

बँकवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या बँकेत काउंटरवर बसणारी बाई. मॅडमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. मॅडमच्या पहिल्या खुर्चीवर बसलेली पहिली बाई तीच. ती भुवया करून घ्यायला आली, टेकून बसली, आणि पर्समधून एक गुळगुळीत रंगीत कागद काढून मॅडमपुढे धरला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण यातलं तुमच्याइतकं कळणारं मला दुसरं कोणी माहीत नाही. हे पॅकेज घेण्यासारखं आहे का, सांगा."

कागद समोरच्या पार्लरचा होता.

मॅडमच्या मनात आलं, हिला उठवावं आणि जिना दाखवावा. पण हात पुढे झाला आणि कागद घेतला. गेले कित्येक दिवस हा कागद आपल्या हातात कसा पडेल याचाच त्या विचार करत होत्या.

"बघू," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला.

सहा फेशियल, सहा क्लीनअप, दर महिन्याला आयब्रो, हातापायांचं वॅक्सिंग, चार हेअर स्पा, चार पेडिक्युअर. पैसे एकदम आधी भरायचे. सुटं सुटं केलं तर जेवढे होतील त्याच्या जवळजवळ अर्ध्यात. या भावात परवडतं कसं हिला? मग त्यांनी खालचं बारीक अक्षरातलं वाचलं आणि चेहऱ्यावर आपोआप हसू आलं.

"वैधता तीन महिने," त्या म्हणाल्या. "आणि मोजायची पैसे भरल्या दिवसापासून, पहिल्यांदा जाल तेव्हापासून नाही. तुम्हाला आठवड्यात सुट्टी किती?"

"एक रविवार."

"आणि इथे लिहिलंय, शनिवार-रविवारी पॅकेज चालणार नाही. तेही सोडा. दोन फेशियलमध्ये निदान तीन-चार आठवडे जायला हवेत. चेहरा म्हणजे काय तांब्याचं भांडं आहे, रोज घासायला? तीन महिन्यांत तुमची फेशियलं होतील तीन, फार तर चार. उरलेली बुडाली. सहा फेशियल आणि सहा क्लीनअप तीन महिन्यांत संपवायची तर दर आठवड्याला तोंडाला कोणीतरी हात लावणार. चामडी सोलून निघेल."

"अगंबाई!" बँकवाली सरळ बसली.

मॅडमना चढत चाललं. "आयब्रो म्हणजे फक्त आयब्रो. ओठांवरचं आणि हनुवटीचं वेगळं. हेअर स्पा खांद्यापर्यंतच्या केसांना. तुमचे कमरेपर्यंत आहेत, म्हणजे वरचे पैसे. वॅक्स कुठलं ते लिहिलेलं नाही. साधं असणार. आणि हे बघा खरं. फेशियल 'नामांकित कंपनीचं किंवा त्याच दर्जाचं'. हे 'किंवा' आहे ना, त्यात सगळा कारभार. तो दर्जा कोण ठरवणार?"

इथपर्यंत मॅडम बोलल्या ते सगळं खरं होतं. बारीक अक्षरांतलं त्यांनी काही वाढवलं नव्हतं आणि काही लपवलंही नव्हतं. बँकवाली इतकी भारावून ऐकत होती की इथे थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तेवढ्यात समोरचं काचेचं दार उघडलं आणि आतून कोणाचं तरी मोकळं हसू रस्त्यापार ऐकू आलं. ते चिमणीचं हसू होतं. इथे असताना ती असं कधी हसली नव्हती.

"आणि कंपनीचं किट वापरलं तरी," मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "एका किटात दोघी काढतात या. किटातली छोटी पाकिटं एका बाईपुरती असतात. अर्धं तुम्हाला, अर्धं पुढच्या बाईला, आणि मसाजच्या क्रीममध्ये डब्यातलं साधं कोल्ड क्रीम मिसळून भर घालायची. वासही तोच येतो. तुम्हाला डोळे मिटल्यावर काय कळणार?"

बँकवालीनं कागदाची घडी घातली. "तुम्ही होतात म्हणून, मॅडम. नाहीतर फसलेच होते."

त्या दिवशी मॅडमनी तिच्या आयब्रोचे पैसे घेतले नाहीत.

पुढचे काही दिवस मॅडम फार खुशीत होत्या. सासूबाईंच्या गुडघ्याला त्यांनी न सांगता तेल लावून दिलं, तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "कोणाचं वाईट झालंय गं?" मॅडम नुसत्या हसल्या.

मग एका सकाळी समोर काचेवर नवीन मोठा कागद लागला. मॅडमनी पडदा सारून वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं लागेनात. नवऱ्याला खाली पाठवलं. तो दुधाची पिशवी घेऊन परत आला आणि शिकवताना सांगावं तसं एकेक सांगू लागला.

"पॅकेज आता वर्षभर चालणार. वर्ष मोजायचं पहिल्या भेटीपासून. आजारी पडलात, गावाला गेलात, तर तेवढे दिवस पुढे ढकलून मिळणार. आपलं राहिलेलं बहिणीला किंवा मुलीला देता येणार. रविवार चालणार, फक्त आधी वेळ घ्यायची. आयब्रोत ओठांवरचं धरलेलं आहे. लांब केसांना जादा पैसे नाहीत. वॅक्सचं आणि फेशियलचं कंपनीचं नाव लिहिलंय, 'किंवा' वगैरे काही नाही." तो थांबला. "आणि शेवटी मोठ्या अक्षरांत, एका किटात एकच. तुमच्यासमोर फोडणार, उरलेलं तुम्हाला घरी देणार."

मॅडम बसल्याच.

प्रत्येक ओळ त्यांची होती. त्यांनी शोधलेलं एकेक भोक चिमणीनं एकेक टाका घालून शिवलं होतं. बँकवाली त्यांच्याकडून उठली ती सरळ समोर गेली असणार, त्यांचंच बोलणं त्यांच्याच शब्दांत तिनं चिमणीपुढे वाचलं असणार. आपण खड्डे दाखवले आणि तिनं रस्ता करून घेतला.

"चांगलं केलंय की," नवरा म्हणाला.

"दूध तापत ठेवा," मॅडम म्हणाल्या.

गर्दी दुप्पट झाली. मॅडमना पडदा लावूनही ती दिसायची. आपण खोटं तर नाही बोललो, असं त्या स्वतःला सांगत, पण किटाचं आठवलं की तिथेच अडत. कारण एका किटात दोघी काढायचं त्यांनी कुणाचं पाहिलं नव्हतं. ते त्या स्वतः करत. अगदी सुरुवातीपासून. आणि चिमणीला ते त्यांनीच शिकवलं होतं. छोट्या चमच्यानं क्रीम कसं अर्धं करायचं, पाकिटाचं तोंड क्लिप लावून कसं बंद करायचं, साधं क्रीम किती मिसळलं तर रंग बदलत नाही. म्हणूनच तर त्या इतक्या खात्रीनं बोलल्या होत्या. चिमणी तेच करत असणार, दुसरं तिला येतंय काय?

शेवटी त्यांना राहवेना. स्वतः जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी सासूबाईंना पाठवलं.

"आई, एक फेशियल करून या. पैसे मी देते. फक्त नीट बघा. पाकीट तुमच्यासमोर फोडते का, वर कंपनीचं नाव कुठलं, तारीख संपलेली आहे का, कात्री-चिमटे धुऊन घेते का."

"या वयात फेशियल?" सासूबाई म्हणाल्या, पण तोवर त्या साडी बदलायला उठल्याही होत्या.

दीड-दोन तासांनी त्या जिना चढून आल्या. चेहरा धुतलेल्या फळासारखा. गुडघ्याचं दुखणं त्या जणू समोरच विसरून आल्या होत्या.

"काय होतं पाकिटावर?" मॅडमनी दारातच विचारलं.

"चष्मा काढून ठेवायला लावला ना तिनं."

"बरं, फोडलं तुमच्यासमोर?"

"फोडलं असेल. चर्र असा आवाज आला खरा. मग वाफ दिली, आणि मग बाई, मला झोप लागली. अशी झोप मला तुझे सासरे होते तेव्हाही लागत नसे. ते घोरायचे." सासूबाईंनी पिशवीतून एक चिमुकलं पाकीट काढलं. "हे उरलेलं दिलंन. म्हणाली, आजी, रात्री थोडं थोडं लावा. पैसे काही घेतले नाहीत. म्हणाली, तुमच्या घरचं मीठ खाल्लंय."

मॅडमनी पाकीट हातात घेतलं. अस्सल होतं. कंपनी तीच, जी त्या वापरत. तारीख बरोबर. आणि पाकीट निम्म्याहून जास्त भरलेलं. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याला लागतं तेवढंच घेऊन बाकीचं तसंच परत दिलेलं. दुसऱ्या एखाद्या बाईचं फेशियल त्यात आरामात झालं असतं. मॅडमचा अंगठा नकळत पाकिटाच्या तोंडावरून फिरत होता.

"इकडे दे," सासूबाई म्हणाल्या. "ते माझं आहे."

त्याच आठवड्यात बँकवाली आली. खुर्चीत बसली नाही. उभ्यानंच बोलली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मॅडमना सोपं गेलं असतं.

"मी घेतलं ते पॅकेज. तुम्ही सांगितलेलं सगळं तिला विचारलं. वेळेचं, सुट्टीचं, केसांचं. तिनं मान डोलवून सगळं बदललं. किटाचं विचारलं तेव्हा मात्र ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, काकू, मी तसं करत नाही. आणि माझ्यासमोर नवीन पाकीट फोडलं. तेव्हा मला वाटलं, मॅडमना चुकीचं कळलं असेल कोणाकडून तरी." नोटा तपासताना एखादी नोट उजेडापुढे धरावी तसं तिनं मॅडमकडे बघितलं. "मग घरी गेल्यावर माझ्या मनात आलं. डब्यातलं साधं क्रीम मिसळायचं, वास तोच येतो... हे इतकं बारीक तुम्हाला कुठून माहीत, मॅडम?"

मॅडमनी दोऱ्याचं रीळ उचलून पुन्हा खाली ठेवलं. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजची मुलगी तोंडाला पॅक लावून पडली होती. तिनं डोळ्यांवरची काकडी उचलून बघितलं.

"इतकी वर्षं डोळे मिटून पडत होते मी तुमच्यासमोर," बँकवाली म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी मॅडमनी कपाटातली क्लिप लावलेली सगळी पाकिटं काढली आणि कचऱ्यात टाकली. मग कचऱ्याची पिशवी बांधली. त्यांना पश्चात्ताप झाला असं म्हणता येणार नाही. त्यांना चिमणीचा अधिकच राग आला. माझ्याकडून शिकलीस, मग तशीच का राहिली नाहीस? अर्धंच शिकून अर्धं टाकून द्यायचा शहाणपणा तुला कोणी सांगितला? आणि टाकायचंच होतं तर इथे असताना एकदा तरी तोंड उघडायचं होतंस. मीच तुला तोंड उघडू दिलं नसतं, तो भाग वेगळा.

लग्नसराईचे दिवस आले आणि समोर काहीतरी बिनसलं. पूर्वी बायका बाहेर येताना काचेत बघत, आता त्या आत जातानाच घड्याळ बघत होत्या. दारात उभ्या राहून वाद घालत होत्या. मॅडमना सगळं समजायला खिडकीतून दोन दिवस पुरले. वर्षभर चालणारं पॅकेज, रविवार चालणारं पॅकेज, बहिणीला देता येणारं पॅकेज. चिमणीनं ते विकलं भरमसाट. बायका इतके महिने निवांत होत्या आणि आता सगळ्यांना एकाच वेळी चेहरे हवे होते. बरोबर बहिणी होत्या, मुली होत्या. आत खुर्च्या तीन आणि हात चिमणीचे व एका मदतनीस बाईचे. पैसे तर केव्हाच भरून झालेले. ते रंगात, आरशांत आणि सोनेरी अक्षरांत गेले असणार. म्हणजे येईल ती बाई फुकटच यायची, आणि रोख देणाऱ्या नव्या गिऱ्हाइकाला जागाच उरत नव्हती.

"आता कळेल," मॅडम म्हणाल्या. त्यांना भूक चांगली लागू लागली.

आणि एक दिवस दुपारी चिमणी स्वतः जिना चढून आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. दारातच उभी राहिली, आत ये म्हटल्याशिवाय यायचं नाही अशी.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचार."

"माझी काही गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवू का? ज्यांचं पॅकेज आहे ती. तुम्ही करा, दर बाईमागचे पैसे मी तुम्हाला देईन. सामान माझं पाठवते."

"सामान तुझं?" मॅडमच्या कानाची पाळी तापली. "म्हणजे माझ्या सामानावर विश्वास नाही?"

चिमणीनं खाली बघितलं. "तसं नाही, मॅडम."

"काकूंनी किटाचं विचारलं तेव्हा गप्प का झालीस तू? सांगायचं होतंस, हे मॅडमनीच मला शिकवलं म्हणून. माझं नाव घ्यायला जीभ का झडत होती?"

"तुमचं नाव मी तसल्या बाबतीत घेणार?" चिमणी म्हणाली. "प्रश्न ऐकला तेव्हाच कळलं मला, हा तुमचाच. त्या गावभरच्या प्रश्नांत तेवढेच प्रश्न शहाणे होते. म्हणून तर सगळं बदललं."

मॅडमना हे ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटलं याचा संताप आला. "मग आता त्या शहाणपणाचं फळ भोग. वर्षाची मुदत देताना आपले हात किती, ते मोजायचं असतं. मी नाही करणार."

चिमणी गेली. जिन्यावर तिचा पाय एकदा अडखळला तेव्हा मॅडमनी काम करता करता मान वर केली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बँकवाली आली. ती पुन्हा येईल असं मॅडमना वाटलं नव्हतं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मॅडम, मला उद्या सकाळी फोटो काढायचाय. बँकेतून निवृत्त होतेय, सगळ्यांबरोबर फोटो आहे. ती म्हणते वेळ नाही. माझी चार फेशियल उरलीत तिच्याकडे, आणि वेळ नाही! तिथे आणखी चौघी भांडतायत. आम्ही सगळ्या मिळून पैसे परत मागणार आहोत. तिच्याच बोर्डावर लिहिणार आहे मी, ही बाई पैसे घेऊन पळते म्हणून. फसवी आहे ती. तुम्ही बरोबर सांगत होतात."

हेच वाक्य ऐकण्यासाठी मॅडम इतके महिने खिडकीशी उभ्या राहत होत्या. आता ते आलं होतं, पूर्ण, हवं तसं, आणि साक्षीदारासकट. आणि मॅडमना ते अजिबात आवडलं नाही.

चिमणीला नावं ठेवायची तर त्यांनी ठेवायची. तिच्या मनगटाला वॅक्सचा पहिला चटका त्यांनी दिला होता, तिच्या चुकीवर पहिल्यांदा त्याच ओरडल्या होत्या. ही बाहेरची बाई कोण? उद्या गावभर होईल, मॅडमच्या हाताखालची मुलगी फसवी निघाली. मॅडमच्या हाताखालची!

"ती फसवी नाही," मॅडम म्हणाल्या. "मूर्ख आहे. दोन्हींत फरक आहे. बसा."

"पण माझे पैसे तिकडे अडकलेत."

"तुमच्याकडून कोण मागतंय? तुमचं पॅकेज इथे चालेल. बसा म्हटलं ना."

बँकवाली संशयानं बसली. मॅडमनी कपाटातून नवं किट काढलं, तिच्या डोळ्यांसमोर धरलं, तारीख बोटानं दाखवली आणि एकेक पाकीट फोडलं. क्लिन्झिंग, स्क्रब, वाफ, मसाज. मसाजला त्यांनी पाकीट उलटं करून शेवटचा थेंब पिळून घेतला. इतकं क्रीम एका चेहऱ्यावर घालताना त्यांच्या बोटांना अजून सवय नव्हती. बोटं घसरत होती.

"आज वेगळं वाटतंय," बँकवाली डोळे मिटून म्हणाली.

"बोलू नका. चेहरा ताठतो."

ती गेल्यावर मॅडमनी पदर नीट केला, आरशात बघितलं, लिपस्टिक लावली, पुन्हा पुसून फिकट लावली, आणि पहिल्यांदाच रस्ता ओलांडला.

आतला थंड वास त्यांना आवडला. आरसे इतके स्वच्छ की मॅडमना स्वतःच्या गळ्यावरची रेघ दिसली. आणि पेडिक्युअरची खुर्ची! बसलेल्या बाईचे पाय एका खोलगट भांड्यात बुडबुडत होते, पाठीला खुर्ची आपोआप दाबून देत होती. मॅडमकडे अजून प्लास्टिकचा टब होता आणि गरम पाण्याची किटली. त्यांनी खुर्चीच्या हाताला बोट लावून बघितलं, कोणी बघत नाही असं पाहून.

चिमणी आतून धावत आली.

"काकूंचं झालंय," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या पॅकेजमधलं एक कापून टाक. आता ऐक. रोज सकाळच्या वेळी मी पॅकेजवाल्या घेईन. फेशियल, क्लीनअप, आयब्रो. पेडिक्युअर नाही. सामान माझं, त्याचे पैसे वेगळे धरायचे. किट तिथेच फोडणार, आणि उरलेलं मीही देईन घरी. आणि नवीन पॅकेज विकणं बंद, हातातली उरकेपर्यंत. एकही नाही."

"एकही?" चिमणी म्हणाली. "पण मॅडम, भाडं..."

"रोखीनं येणाऱ्यांना जागा मोकळी झाली की भाडं निघेल. पॅकेजचे पैसे म्हणजे आपले नव्हेत. काम होईपर्यंत ते गिऱ्हाइकाचेच. हे मी तुला शिकवायचं राहिलं, कारण मी कधी पॅकेज काढलंच नाही."

चिमणीचे डोळे भरून आले. ती वाकू लागली तसं मॅडमनी तिला कोपरानं अडवलं. "नाटकं नकोत. दर काय देणार ते बोल."

त्यावर दोघींची बराच वेळ घासाघीस झाली. मदतनीस बाईनं दोनदा चहा आणला. शेवटी दर ठरला, तेव्हा चिमणीनं विचारलं, "मग काचेवर काय लिहू? आमची दुसरी शाखा समोर, असं?"

"शाखा?" मॅडम ताडकन उठल्या. "मी तुझी शाखा? अगं, तू माझी शाखा!"

"बरं, मग तुमचं नाव वर घालते."

"नकोच. नुसतं लिही, पॅकेज समोरही चालेल."

तसंच लिहिलं गेलं. सकाळच्या वेळी मॅडमच्या जिन्यावर पुन्हा चपलांचे ढीग पडू लागले. बँकवाली फोटोत चांगली आली. तो फोटो दाखवायला ती आधी समोर गेली आणि मग वर आली. मॅडमनी खिडकीतून तो क्रम पाहिला होता, म्हणून त्यांनी फोटोला नुसतं "बरा आहे" म्हटलं.

लग्नसराई संपताना नवऱ्यानं विचारलं, "काय मग, मिटलं ना तुमचं?"

"मिटायला भांडण कुठे होतं?" मॅडम म्हणाल्या. त्या खुर्च्यांचं एक जाड पुस्तक उघडून बसल्या होत्या. त्यांचं बोट एका चित्रावर होतं. समोरच्यासारखीच खुर्ची, पाणी बुडबुडणारी, पाठ दाबणारी. पण हिला हात टेकायच्या जागी ऊब यायची सोय होती. चिमणीच्या खुर्चीला ती नव्हती. मॅडमनी ते पुन्हा एकदा वाचून खात्री करून घेतली.